सतरा दिवसांचे बिल, सहा दिवसांचा हिशेब

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा प्लास्टिकचे भाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे आणि त्यासाठी लागणारा विशिष्ट प्रतीचा दाणा आम्ही दक्षिण कोरियातून आणतो. सप्टेंबर २०२३ मध्ये शिपिंग लाइनकडून आम्हाला दोन कंटेनरांच्या डिटेन्शनचे बिल आले. रक्कम होती ३,८४० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ३ लाख १८ हजार रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. बिलावर कंटेनरांचे क्रमांक, ‘१७ दिवस’ एवढा उल्लेख आणि एकूण आकडा होता. सतरा दिवस कुठून कुठपर्यंत मोजले, कोणत्या दिवसाला कोणता दर लावला, हे कुठेही लिहिलेले नव्हते. पुढचे अडीच महिने मी या सतरा दिवसांचा शोध घेतला आणि त्याची हकीकत येथे तपशीलवार लिहीत आहे.

आधी शब्दांचा खुलासा करायला हवा, कारण आपल्याकडे ‘डेमरेज’ हा शब्द सरसकट वापरला जातो. माल बंदरात किंवा सीएफएस म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात पडून राहिल्याबद्दल जागेचे जे भाडे लागते, ते न्हावा-शेव्याच्या व्यवहारात बहुतेक लोक डेमरेज किंवा ग्राउंड रेंट म्हणून ओळखतात, आणि ते मागणारा असतो जागेचा चालक. डिटेन्शन मात्र लाइनच्या मालकीचा कंटेनर ठरलेल्या मोफत दिवसांपेक्षा जास्त काळ आपल्याकडे ठेवल्याबद्दल लाइन आकारते. दोन्हींचे घड्याळ वेगळे, करार वेगळा आणि दाद मागण्याची जागाही वेगळी. सीएफएसच्या भाड्याचा प्रश्न आमच्या कस्टम्स ब्रोकरने स्वतंत्रपणे हाताळला. मी येथे फक्त डिटेन्शनबद्दल लिहितो.

पहिली चूक माझी झाली. बिल पाहून मी त्याच दिवशी तीन पानांचे पत्र लिहिले. त्यात कस्टम्समुळे झालेला उशीर, यार्डाने परत पाठवलेले ट्रेलर, लहान उद्योगावर येणारा भार, असे सगळे एकत्र होते, पण एकाही विधानापुढे तारीख आणि कागद नव्हता. लाइनच्या इम्पोर्ट डेस्ककडून एका ओळीचे उत्तर आले: आकारणी टॅरिफप्रमाणे, म्हणजे लाइनच्या दरपत्रकाप्रमाणे आहे. त्या पत्राला यापेक्षा वेगळे उत्तर देता येण्यासारखे नव्हतेच. समोरच्या माणसाला आपल्या वरिष्ठांकडे एखादा दिवस कमी करण्याची शिफारस करायची असेल, तर नेमका कोणता दिवस, कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या पुराव्यावर, हे त्याच्या हातात आयते द्यावे लागते.

म्हणून मी सुरुवातीपासून बसलो आणि तीन कागद शोधले. पहिला बिल ऑफ लेडिंग किंवा बीएल, म्हणजे माल जहाजावर घेतल्याबद्दल लाइनने दिलेला कागद. आमची खरेदी सीआयएफ तत्त्वावर होती, म्हणजे जहाजाचे भाडे आणि त्यासंबंधीची बोलणी कोरियातल्या पुरवठादाराने केली होती. लाइनशी आमचा स्वतःचा असा कुठलाही करार नव्हता. अशा वेळी मोफत दिवसांचा आयातदाराकडे असलेला भक्कम पुरावा म्हणजे बीएलच्या दर्शनी बाजूवर टंकलेली ओळ, आणि सुदैवाने ती होती: पोहोचण्याच्या बंदरावर १४ दिवस मोफत डिटेन्शन. ती ओळ नसती तर लाइनचे सर्वसाधारण ५ दिवसच लागू झाले असते. दुसरा कागद म्हणजे लाइनचे भारतातील आयातीसाठीचे प्रसिद्ध टॅरिफ. बीएलच्या मागच्या बाजूच्या बारीक अटींमध्ये हे टॅरिफ कराराचा भाग असल्याचे आणि माल स्वीकारणाराही त्या अटींना बांधील असल्याचे लिहिलेले असते, त्यामुळे ‘आम्ही यावर सही केली नव्हती’ हा युक्तिवाद तेथे चालत नाही. तिसरा कागद म्हणजे मोकळा कंटेनर यार्डात जमा झाल्यावर मिळणारी ईआयआर पावती.

टॅरिफमध्ये ४० फुटी कंटेनरचे दर असे होते: पहिले ५ दिवस मोफत, ६ ते १० या दिवसांना रोज ४५ डॉलर, ११ ते १७ या दिवसांना ८० डॉलर आणि अठराव्या दिवसापासून १२० डॉलर. मोजणी कंटेनर जहाजावरून उतरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, सुट्ट्या धरून, आणि मोकळा कंटेनर जमा होण्याच्या दिवसापर्यंत, तो दिवस धरून. हे हाताशी आल्यावर बिलाचा आकडा उलटा सोडवता आला. एका कंटेनरचे १,९२० डॉलर होण्यासाठी पंधरावा ते सतरावा दिवस ८० डॉलरने, म्हणजे २४०, आणि अठरावा ते एकतिसावा असे १४ दिवस १२० डॉलरने, म्हणजे १,६८० धरावे लागतात. जमा होण्याची तारीख ईआयआरप्रमाणे २ सप्टेंबर. तो एकतिसावा दिवस असेल, तर पहिला दिवस ३ ऑगस्ट ठरतो.

येथेच पहिला दोष सापडला. ३ ऑगस्ट ही जहाज धक्क्याला लागल्याची तारीख होती. लाइनच्या स्वतःच्या संकेतस्थळावर कंटेनर क्रमांक टाकून पाहिले, तेव्हा दोन्ही कंटेनर जहाजावरून उतरल्याची नोंद ४ ऑगस्टची निघाली. टॅरिफप्रमाणे पहिला दिवस ५ ऑगस्ट व्हायला हवा होता. दोन दिवसांचा हा फरक लहान वाटतो, पण तो कोणत्या टोकाला पडतो हे पाहावे लागते. सुरुवात दोन दिवस पुढे सरकली की शेवटचा दिवस एकतिसावा न राहता एकोणतिसावा होतो, म्हणजे कमी होणारे दोन्ही दिवस सर्वांत महाग टप्प्यातले असतात. दोन कंटेनरांचे मिळून ४८० डॉलर.

या मुद्द्यासाठी मी मुद्दाम लाइनचीच नोंद पुढे केली. आगमनाच्या सूचनेवर असलेली तारीख अंदाजाची असते, तिचा पुरावा म्हणून उपयोग होत नाही. लॉजिस्टिक्स डेटा बँकेच्या संकेतस्थळावरून, कंटेनरला लावलेल्या आरएफआयडी टॅगच्या आधारे, बंदराच्या फाटकातून बाहेर पडल्याची वेळ मिळते, पण जहाजावरून उतरण्याचा क्षण त्यापूर्वीचा असतो. लाइनचे स्वतःचे ट्रॅकिंग नाकारणे लाइनलाच कठीण जाते. अशा नोंदी काही महिन्यांनी दिसेनाशा होतात, म्हणून माल आला की लगेच त्या पानाचे चित्र तारखेसह जपून ठेवावे, असे मी आता आमच्या कार्यालयात ठरवून दिले आहे.

दुसरा मुद्दा शेवटच्या तारखेचा होता आणि तो मला सर्वांत जास्त लागला, कारण ते दिवस आम्ही वापरलेलेच नव्हते. माल नाशिकला उतरवून दोन्ही ट्रेलर २९ ऑगस्टच्या रात्री निघाले आणि ३० तारखेला सकाळी पावणेआठच्या सुमारास लाइनने पत्रात नेमून दिलेल्या मोकळ्या कंटेनरांच्या यार्डापाशी पोहोचले. फाटकावर सांगण्यात आले की यार्ड भरले आहे. असा नकार कधीही लेखी मिळत नाही. फाटकावरचा माणूस हात हलवतो, रांगेतले ट्रेलर बाजूला लागतात, आणि दोन दिवसांनी जी पावती हातात पडते तिच्यावर फक्त जमा झाल्याची तारीख असते. कागदापुरते पाहिले तर कंटेनर तोपर्यंत तुमच्याच ताब्यात होता.

आमच्या वाहतूकदाराने त्या सकाळी मला फोन केला, तेव्हा मी एक गोष्ट केली होती, जिचे महत्त्व मला नंतर कळले. सव्वादहा वाजता मी लाइनच्या इम्पोर्ट डेस्कला ईमेल पाठवला: दोन्ही कंटेनरांचे क्रमांक, ट्रेलरांचे क्रमांक, यार्डापाशी पोहोचल्याची वेळ, नकाराचे कारण, आणि शेवटी एकच प्रश्न, की हे कंटेनर आता कुठे जमा करावेत. उत्तर ३१ ऑगस्टच्या संध्याकाळी आले. त्यात दुसऱ्या यार्डाचे नाव होते आणि पहिल्या यार्डात जागा नसल्याने हा बदल केल्याचे वाक्य होते. ते वाक्य लाइनची स्वतःची कबुली ठरली. १ सप्टेंबरला सकाळी अकरा वाजता दुसऱ्या यार्डाचे टोकन मिळाले आणि रांग संपून कंटेनर उतरले ते २ सप्टेंबरला पहाटे तीननंतर. टोकनच्या चिठ्ठीचा फोटो चालकाने काढून ठेवला होता. तो नसता तर १ सप्टेंबरचा दिवस सिद्ध करणे अवघड गेले असते, कारण लाइनने पुढे नेमका तोच प्रश्न विचारला: नवे यार्ड कळल्यावर आणखी दोन तारखा का उलटल्या?

ट्रेलर खरोखर ३० तारखेला पोहोचले होते, हे दाखवण्यासाठी घोटी आणि पडघा या टोलनाक्यांवरच्या फास्टॅगच्या नोंदी बँकेच्या विवरणातून काढल्या, वाहतूकदाराकडून जीपीएसचा त्या दिवसाचा मार्ग घेतला, आणि ट्रेलर थांबून राहिल्याबद्दल त्याने आमच्याकडून वसूल केलेल्या हॉल्टिंगचे बिल जोडले. फोटोंबद्दल एक सूचना द्यावीशी वाटते. कंटेनर क्रमांक आणि यार्डाची पाटी एकाच चौकटीत आली तरच त्या फोटोला अर्थ राहतो. आमच्या चालकाने काढलेल्या अकरा फोटोंपैकी असे दोनच होते.

माझी मांडणी अशी होती की कंटेनर परत घेण्याची जागा नेमणे हे लाइनचे काम आहे; नेमलेल्या जागी, चालू वेळेत आम्ही तो हजर केला तेव्हा आमच्या बाजूचे परत करणे पूर्ण झाले, आणि त्यानंतरचा काळ लाइनच्या व्यवस्थेचा आहे. म्हणून मोजणी ३० ऑगस्टला थांबली पाहिजे. त्याने ३ दिवस, दोन कंटेनरांचे ७२० डॉलर कमी होत होते. पहिल्या दोन मुद्द्यांनंतर हिशेब राहत होता १९ ते ३० ऑगस्ट, म्हणजे १२ दिवसांचा: प्रत्येकी १,३२० डॉलर.

तिसरा मुद्दा कस्टम्सचा. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे कस्टम्सकडे करायचे घोषणापत्र, ८ ऑगस्टला दाखल झाले, ११ तारखेला मालाचे नमुने घेऊन प्रयोगशाळेकडे पाठवले गेले, २४ तारखेला अहवाल आला. दाणा आम्ही जाहीर केला होता त्याच प्रकारचा आणि प्रतीचा निघाला आणि त्याच संध्याकाळी आऊट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडण्याचा कस्टम्सचा आदेश, मिळाला. या १४ दिवसांपैकी १८ ऑगस्टपर्यंतचे दिवस मोफत मुदतीतच होते. १९ ते २४ हे ६ दिवस आकारणीत येत होते.

येथे उपयोगी पडतात ते ‘सी कार्गो मॅनिफेस्ट अँड ट्रान्सशिपमेंट रेग्युलेशन्स, २०१८’. त्यातल्या दहाव्या नियमात अधिकृत वाहकाच्या जबाबदाऱ्या आहेत. त्यांपैकी एक अशी की कस्टम्स कायद्याच्या कलम ४६ किंवा ५० खाली केलेल्या नोंदी पडताळण्यासाठी कस्टम्सने माल अडवून ठेवला असेल आणि त्या नोंदी बरोबर निघाल्या, तर वाहकाने त्या कंटेनरांवर डिटेन्शन मागू नये. साठ दिवसांनंतरच्या काळासाठी मात्र ते मागता येते. आयातीचे बिल ऑफ एंट्री कलम ४६ खालीच असते. या नियमातल्या दोन अटी नीट वाचल्या पाहिजेत. माल कस्टम्सने अडवलेला असायला हवा, म्हणजे आपली कागदपत्रे उशिरा दिल्याने किंवा शुल्क वेळेवर न भरल्याने गेलेले दिवस यात बसत नाहीत. आणि नोंदी बरोबर निघायला हव्यात. वर्गवारी बदलली किंवा मूल्य वाढवले गेले, तर या नियमाचा आधार बहुधा सुटतो.

लाइनचे पहिले उत्तर असे होते की नमुना घेणे ही नेहमीची तपासणी आहे, तिला अडवणे म्हणता येत नाही. त्यावर आमच्या ब्रोकरने कस्टम्सकडे अर्ज करून प्रमाणपत्र मिळवले. नमुने कोणत्या तारखेला घेतले, अहवाल कधी आला, तोपर्यंत माल सोडला नव्हता आणि नोंदी अहवालाशी जुळल्या, एवढेच त्यात होते, आणि आम्हाला हवे तेही एवढेच होते. ते मिळायला तीन आठवडे गेले. कस्टम्सच्या आइसगेट या संकेतस्थळावरून काढलेल्या बिल ऑफ एंट्रीच्या टप्प्यांच्या तारखा आम्ही सोबत जोडल्या.

मग लाइनने ‘शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया विरुद्ध सी. एल. जैन वूलन मिल्स’ या सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या निकालाचा दाखला दिला. कस्टम्सने दिलेल्या डिटेन्शन प्रमाणपत्रामुळे वाहकाचा आपली रक्कम मागण्याचा हक्क संपत नाही, असा त्याचा आशय आहे. हा आक्षेप वजनदार होता आणि मी तो हलका लेखला नाही. वकिलांशी बोलून आम्ही उत्तर दिले की तो निकाल त्या वेळच्या कायद्यावर आधारलेला आहे. आमची मागणी प्रमाणपत्राच्या जोरावर नाही, तर २०१८ च्या नियमांनी खुद्द वाहकावर घातलेल्या बंधनावर आहे. प्रमाणपत्र हा केवळ त्या नियमातल्या दोन अटी पूर्ण झाल्याचा पुरावा आहे. हा भेद पत्रात स्पष्ट शब्दांत मांडल्यानंतरच आमचे प्रकरण स्थानिक डेस्कवरून लाइनच्या विभागीय कार्यालयाकडे गेले, असे मला तारखांवरून दिसते.

हे तीन मुद्दे मांडणारे माझे दुसरे पत्र सव्वा पानाचे होते. वर बिल क्रमांक, खाली एक तक्ता: तारीख, त्या दिवशी काय घडले, लाइनने तो कितवा दिवस धरला, आमच्या मते तो कितवा, आणि कोणत्या जोडपत्रात पुरावा आहे. तक्त्याखाली तीन परिच्छेद, प्रत्येकात एक कलम आणि एक रक्कम. शेवटी मी मोजणीचा तपशील मागितला: मोफत मुदतीची सुरुवात, तिचा शेवट, लावलेला दर आणि त्या दराचा टॅरिफमधला आधार. अमेरिकेत फेडरल मेरिटाइम कमिशनच्या नियमाने मे २०२४ पासून असा तपशील बिलावरच देणे आणि आक्षेपासाठी किमान ३० दिवस ठेवणे बंधनकारक झाले आहे. आपल्याकडे तो मागूनच घ्यावा लागतो, आणि तो मागणे हा आपला हक्क आहे, असे माझे ठाम मत आहे.

दरम्यान पुढचा कंटेनर आला आणि जुनी थकबाकी दाखवून लाइनने त्याची डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल आमच्या ताब्यात देण्याचा आदेश, थांबवली. एका जुन्या वादापायी नव्या कंटेनरवर रोज नवे डिटेन्शन चढू देणे परवडणारे नव्हते. आम्ही पूर्ण रक्कम भरली, पण भरण्यापूर्वी ईमेलने कळवले की १,४४० डॉलर आम्हाला मान्य आहेत आणि उरलेले २,४०० डॉलर आक्षेप कायम ठेवून, परताव्याचा हक्क राखून भरत आहोत. बँकेच्या व्यवहारातही बिल क्रमांकापुढे तसा शेरा टाकला. हे न करता गुपचूप पैसे भरले, की भरणे म्हणजेच मान्यता असे पुढे सहज म्हणता येते.

पैसे भरण्यापूर्वी केलेल्या आमच्या आणखी दोन मागण्या मात्र टिकल्या नव्हत्या. एक टप्प्यांच्या दराची. १४ मोफत दिवसांनंतरचा पहिला दिवस ४५ डॉलरच्या टप्प्यापासून सुरू व्हावा, थेट ८० डॉलरपासून नाही, असे आम्ही म्हटले होते. परंतु टॅरिफच्या तळटीपेत लिहिले होते की वाढीव मोफत मुदत दिली असली तरी ती संपल्यावर त्या दिवसाच्या क्रमांकाचाच दर लागेल. ती तळटीप मी पहिल्या वाचनात पाहिली नव्हती. दाखवल्यावर मागणी मागे घेतली. दुसरी मागणी अधिक महत्त्वाची होती. कस्टम्सचे १४ दिवस मोजणीतून पूर्ण वगळले, तर १० ऑगस्ट हा सहावा दिवस, २५ ऑगस्ट हा सातवा आणि ३० ऑगस्ट हा बारावा ठरतो, म्हणजे सगळे मोफत मुदतीत बसते आणि देणे शून्य होते. विभागीय कार्यालयाचे म्हणणे असे पडले की नियम त्या दिवसांचे पैसे मागण्यास मनाई करतो, मोफत मुदतीचे घड्याळ थांबवण्याबद्दल काही सांगत नाही. नियमाचे शब्द पुन्हा वाचल्यावर मला हे उत्तर चुकीचे म्हणता आले नाही, आणि बीएलवरही घड्याळ थांबण्याची काही अट नव्हती.

शेवटी आकारणी राहिली २५ ते ३० ऑगस्ट या ६ दिवसांची, एकविसाव्या ते सव्विसाव्या दिवसांची, रोज १२० डॉलर: प्रत्येक कंटेनरला ७२० डॉलर. ते दिवस आमचेच होते. २६ तारखेला कंटेनर कारखान्यात पोहोचले, मध्ये रविवार आला, आणि पंचवीस किलोंच्या गोण्या उतरवायला पुरेशी माणसे मिळेपर्यंत २९ तारीख उजाडली. २,४०० डॉलरची क्रेडिट नोट जीएसटीसह नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आली आणि घेतलेल्या कराच्या क्रेडिटमधून तेवढा भाग आम्ही त्याच महिन्याच्या विवरणात परत केला. त्यानंतरच्या मागणीपत्रात मी पुरवठादाराला लिहिले की बीएलवर १४ ऐवजी २१ दिवस टंकावेत आणि त्याच ओळीत, कस्टम्सने नमुन्यासाठी अडवलेले दिवस या मुदतीत धरू नयेत, असेही घालावे. एकवीस दिवस मिळाले. ओळीचा दुसरा भाग लाइनने खोडून पाठवला, आणि त्यावर आमचा पत्रव्यवहार चालू आहे.